हे ते गाणं नव्हे, पण…

गेल्या पावसाळ्यात मी इंटरनेटवर एक विनंती लिहिली. लहानपणी ऐकलेलं एक मराठी भावगीत मला हवं होतं. शब्द आठवत नव्हते, म्हणून तीन खुणा दिल्या: बाईचा आवाज, उदास चाल आणि पहाटेचं वर्णन. तासाभरात एका अनोळखी गृहस्थांचं उत्तर आलं. सुरेश भटांनी लिहिलेलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावलेलं आणि आशा भोसले यांनी गायलेलं पहाटेचं ते प्रसिद्ध गाणं त्यांनी सुचवलं होतं. सोबत दोन ओळींत लिहिलं होतं की त्यांच्या आईचंही ते आवडतं गाणं आहे आणि ते नक्की हेच असणार.

गाणं मला पाठ होतं. मी शोधत होते ते हे नव्हतं.

"नाही, हे नाही. धन्यवाद." एवढं लिहून मोकळं होणं सोपं होतं, आणि बहुतेक जण तेच करतात. पण लिहायला बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. माझ्या तिन्ही खुणा त्या गाण्याला तंतोतंत लागू पडत होत्या. म्हणजे त्या गृहस्थांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या वर्णनावरून कोणीही शहाण्या माणसाने तेच गाणं सांगितलं असतं. उणीव माझ्या वर्णनात होती, आणि ती कुठे आहे हे त्यांच्या चुकलेल्या अंदाजामुळेच मला दिसत होतं. चुकीचं गाणं सुचवणारा माणूस शोधणाऱ्याला फुकटात एक चाचणी करून देतो. तिचा निकाल नीट लिहून परत पाठवणं हे शोधणाऱ्याचं काम आहे.

हे काम चिकाटीने केलं तर काय होऊ शकतं, याचं अलीकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे.

१९८० च्या दशकात उत्तर जर्मनीतला एक मुलगा रेडिओवरची गाणी कॅसेटवर भरून घ्यायचा. एनडीआर ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था. तिच्यावर नव्या बँडची गाणी लागत. आपल्याकडेही टेपरेकॉर्डर रेडिओला टेकवून हे उद्योग घरोघर चालायचे, त्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला लगेच कळेल. निवेदकाचं बोलणं मध्ये येऊ नये म्हणून तो मुलगा गाणं सुरू झाल्यावर बटण दाबायचा आणि संपता संपता बंद करायचा. गाणी स्वच्छ भरली गेली, पण नावं आणि गायक हवेत विरले. त्यांतली बरीचशी नंतर ओळखू आली. एक मात्र राहिलं. इंग्रजी शब्दांचं, भरदार पुरुषी आवाजातलं, गिटार आणि सिंथेसायझरचं गाणं. २००७ साली त्याच्या बहिणीने त्याचा तुकडा इंटरनेटवर ठेवला आणि विचारलं, हे कोणाचं?

अंदाजांचा पाऊस पडला. कोणी ब्रिटिश बँड सांगितले, कोणी जर्मन, कोणी युरोपातल्या आणखी कुठल्या देशातले. सगळे चुकले. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या एका किशोरवयीन मुलाने या शोधाला पुन्हा हवा दिली आणि जगभरचे लोक त्यात उतरले, तरी अंदाज चुकतच राहिले. मधल्या काळात लोक गाण्याला सुरुवातीच्या शब्दांवरून 'लाइक द विंड' म्हणू लागले होते. तेही नाव पुढे चुकीचं ठरलं.

तरीही शोध जागच्या जागी थांबला नव्हता. चुकलेल्या अंदाजांबरोबर त्या एका कॅसेटमधून नव्या खुणाही निघत गेल्या. "हे अमुक वर्षीचं गाणं असेल" असं कोणी म्हटलं की त्याच कॅसेटवर आगेमागे कुठली गाणी आहेत हे पाहिलं जाई. त्यात एक्सटीसी आणि द क्युअर या बँडची गाणी होती. त्यांवरून काळ १९८४ च्या आसपास आला. गाण्यातला सिंथेसायझर यामाहाचा डीएक्स-७ असावा असं जाणकारांनी ऐकून सांगितलं. हे वाद्य बाजारात आलं १९८३ साली, म्हणजे गाणं त्याआधीचं असू शकत नव्हतं. "हे एनडीआरवरूनच भरलं होतं कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर ध्वनीच्या आलेखात सापडलं. एनडीआरवरून भरलेल्या त्या काळच्या इतर गाण्यांच्या आलेखात १० किलोहर्ट्झच्या जागी एक बारीक सरळ रेघ दिसत होती. आपल्या कानाला ती जाणवत नाही. या गाण्यातही तीच रेघ होती.

आता या तीन खुणा एकत्र ठेवून पाहा. काळ ठरला, प्रसारण केंद्र ठरलं, आणि इतक्या लोकांनी इतक्या रेकॉर्डी धुंडाळूनही गाणं मिळत नव्हतं. तेव्हा मूळ प्रश्नच बदलायला हवा होता. "हे कुठल्या रेकॉर्डवर आहे?" याऐवजी "रेकॉर्ड न निघालेल्या कुठल्या बँडची टेप १९८४ च्या सुमारास एनडीआरपर्यंत पोचली असेल?" असं विचारायला हवं होतं. एनडीआर नवोदित बँडसाठी 'ह्योरफेस्ट' नावाची स्पर्धा घ्यायची. २०२४ मध्ये एका शोधकाने त्या स्पर्धेत उतरलेल्या बँडचा माग जुन्या वर्तमानपत्रांतून काढला. कील शहरातल्या 'फेक्स' नावाच्या बँडची बातमी त्याला मिळाली. त्याने त्यातल्या एका वादकाशी संपर्क साधला, आणि ते गाणं त्यांचंच निघालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नाव जाहीर झालं: 'सबवेज ऑफ युअर माइंड'. विचारणा झाल्यापासून सतरा वर्षांनी उत्तर मिळालं होतं. गाण्याची रेकॉर्ड त्या काळी निघालीच नव्हती.

या ठिकाणी कोणीही विचारेल, मोबाइलला ऐकवलं की गाणं ओळखणारी अ‍ॅप आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? शझामसारखं अ‍ॅप गाण्यातल्या ठळक ध्वनिबिंदूंचा ठसा काढतं आणि तो आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतं. त्यासाठी तेच ध्वनिमुद्रण त्या साठ्यात असावं लागतं. फेक्सचं गाणं कुठल्याच साठ्यात नव्हतं. गूगलने २०२० पासून गुणगुणून शोधायची सोय दिली आहे. ती सुरावटीवर चालते, त्यामुळे प्रसिद्ध गाण्यांना उपयोगी पडते. पण आकाशवाणीच्या केंद्रावर ध्वनिमुद्रित झालेलं आणि रेकॉर्ड कधीच न निघालेलं भावगीत तिला कुठून सापडणार? तिथे माणसाची आठवणच विचारावी लागते. आणि माणसाला विचारायचं, तर आपली आठवण आधी पारखून घ्यावी लागते.

आठवणीचे सगळे भाग सारखे भरवशाचे नसतात. संगीत आणि मेंदू यांचे अभ्यासक डॅनिएल लेव्हिटिन यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. लोकांना त्यांचं आवडतं लोकप्रिय गाणं निवडायला सांगितलं आणि ते न ऐकता, केवळ आठवणीतून म्हणायला लावलं. मग त्यांचं गाणं मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिलं. शंभरपैकी सुमारे ७२ वेळा लोकांची लय मूळ लयीपासून ८ टक्क्यांपेक्षा जास्त ढळलेली नव्हती. इतका फरक सामान्य श्रोत्याच्या कानाला जेमतेम कळतो. बरेच जण मूळ पट्टीच्याही अगदी जवळ गायले.

घोकून घोकून मनात बसलेल्या गाण्याची लय आपण असे सांभाळून ठेवतो. शब्दांचं तसं नसतं. ते आपण चुकीचे ऐकलेले असतात, अंतऱ्यातली ओळ मुखडा समजून बसलेलो असतो, नाहीतर दोन गाण्यांची सरमिसळ झालेली असते. सालाचा अंदाज तर आणखी कच्चा. म्हणून चुकलेला अंदाज आला की आधी लय ताडून पाहावी. आठवणीतलं गाणं मनात चालवून मांडीवर ठेका धरायचा, पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजायचं आणि चारने गुणायचं. मिनिटाला किती ठोके ते कळतं. मग सुचवलेल्या गाण्याचे ठोके असेच मोजायचे. दोन आकड्यांत मोठी तफावत असली तर शब्द कितीही जुळोत, गाणं वेगळं असण्याची शक्यता मोठी.

मात्र हे सगळं करायचं सुचवलेलं गाणं ऐकण्यापूर्वी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी, एखादं नाव आठवताना त्याच्यासारखंच दुसरं नाव वारंवार मध्ये घुसतं, या अनुभवाला सिंड्रेलाच्या गोष्टीतल्या कुरूप बहिणींची उपमा दिली होती. त्या बहिणी पुढे येऊन उभ्या राहतात आणि हवी ती मुलगी मागे अडकते. गाण्याचंही तसंच होतं. सुचवलेलं गाणं तीनदा ऐकलं की त्याची चाल आपल्या धूसर आठवणीवर चढते. मग मूळ गाणं कसं होतं तेच सांगता येईनासं होतं. म्हणून मी एक शिस्त घालून घेतली. कोणाचाही अंदाज आला की आधी वही उघडायची, आपलं गाणं जसं आठवतं तसं लिहायचं किंवा मोबाइलवर गुणगुणून ठेवायचं, आणि मगच त्यांचं गाणं लावायचं.

त्या संध्याकाळी मी वही उघडली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच माझी एक खूण गळून पडली.

हे गाणं मी मिरजेला मामाच्या वाड्यात ऐकलं. तिथला रेडिओ व्हॉल्व्हचा होता, बटण फिरवल्यावर तापून बोलायला लागायला अर्धा मिनिट घ्यायचा. मामी स्टोव्हला पंप मारत असायची आणि त्या आवाजात मधलं मधलं बुडून जायचं. बाहेर अजून नीट उजाडलेलं नसायचं. हे सगळं लिहिताना मी थबकले. पहाट गाण्यात होती, की ते गाणं ऐकताना खिडकीबाहेर होती? 'पहाट' हा शब्द ऐकल्याची एकही आठवण माझ्याजवळ नव्हती. मला आठवत होता तो अंधार, रॉकेलचा वास आणि स्टोव्हचा आवाज. मी ऐकण्याची वेळ गाण्याच्या विषयात घालून बसले होते. त्या गृहस्थांना मी स्वतःच चुकीच्या वाटेला लावलं होतं.

दुसरी खूण सालाची. "साधारण सत्तरच्या आसपास" असं मी कोणालाही सांगितलं असतं, पण त्याला अर्थ नव्हता. मामाला फोन केला. १९७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी तो वाडा सोडला आणि रेडिओ तेव्हाच विकला, नव्या घरात ट्रान्झिस्टर आला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे गाणं मे १९७१ च्या आधीचं, नंतरचं नाही. अंदाजाच्या सालापेक्षा अशी पक्की हद्द फार उपयोगी. घर बदलणं, लग्न, एखादी वस्तू घेणं किंवा विकणं या घटनांना तारखा असतात. गाण्याची आठवण त्यांना बांधली की तिलाही तारीख मिळते. जर्मन शोधकांनी डीएक्स-७ वरून केलं, तेच मी मामाच्या रेडिओवरून केलं.

मग त्या गृहस्थांना हे उत्तर लिहिलं:

"नमस्कार. तुम्ही सुचवलेलं गाणं पुन्हा पूर्ण ऐकलं. माझ्या वर्णनाला ते अगदी जुळतं, त्यामुळे तुमचा तर्क बरोबरच होता. पण मी शोधते आहे ते हे गाणं नाही. जुळतं ते असं: एकटीचा, तरुण स्त्रीचा आवाज. न जुळतं ते असं: हे गाणं संथ आहे, माझ्या आठवणीतलं बरंच चालतं आहे, मिनिटाला साधारण १०० ठोके, आणि ठेका शेवटपर्यंत एकसारखा. एक दुरुस्तीही करते. 'पहाटेचं गाणं' असं मी लिहिलं होतं, ते आता मागे घेते. ते सकाळी लवकर रेडिओवर लागायचं एवढंच खात्रीचं आहे. गाण्यात पहाट असेलच असं नाही. नव्या खुणा: मे १९७१ च्या आधी ऐकलेलं, हे पक्कं. दोन कडव्यांच्या मध्ये बासरीचा तुकडा, हे बहुधा. ते सिनेमातलं नसून भावगीत असावं, हा नुसता माझा समज आहे. घरात कोणी जाणतं माणूस असेल तर त्यांनाही विचारावं, ही विनंती. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा."

या उत्तरात काही विशेष नाही, पण त्यातली प्रत्येक गोष्ट जाणूनबुजून ठेवलेली आहे. "पूर्ण ऐकलं" हे लिहिलं, कारण सुचवणाऱ्याला आपलं ऐकून घेतलं गेलं हे कळायला हवं. न जुळणाऱ्या गोष्टीआधी जुळणारी गोष्ट सांगितली, कारण पुढचा अंदाज तिच्यावर उभा राहतो. नुसत्या "हे नाही" मधून एकच गाणं बाद होतं. "आवाज जुळतो, लय जुळत नाही" म्हटलं की त्याच घाटाची कितीतरी संथ गाणी एकदम बाजूला पडतात. चुकीची खूण उघडपणे मागे घेतली, कारण ती तशीच राहिली असती तर पुढचे दहा जण त्याच गाण्यावर येऊन थांबले असते. आणि नव्या खुणांना 'पक्कं', 'बहुधा' आणि 'समज' अशी तीन मापं लावली. हे सर्वांत महत्त्वाचं. शोधणारा प्रत्येक खूण सारख्याच ठामपणे सांगतो, तेव्हा मदत करणारा माणूस एका कच्च्या खुणेपायी बरोबर गाणं नाकारून बसतो.

इथे थोडं आवरावंही लागतं. एकदम पंधरा खुणा लिहिल्या की वाचणाऱ्याला नेमकं काय धरावं ते कळत नाही. प्रत्येक चुकलेल्या अंदाजागणिक दोन-तीन खुणा पुरे. त्याही त्या अंदाजाने उकरून काढलेल्या असाव्यात.

उत्तर पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा निरोप आला. त्यांनी आईंना विचारलं होतं. आईंनी दोन गाणी सांगितली आणि एक प्रश्न विचारला, जो मला सुचलाच नव्हता: रेडिओवर ते फर्माइशीच्या कार्यक्रमात लागायचं, की त्यातून काही शिकवल्यासारखं एकाच आठवड्यात पुन्हा पुन्हा लागायचं? मला आठवलं, ते लागोपाठ काही दिवस लागायचं आणि मग महिनोन् महिने ऐकू यायचं नाही. तसं असेल तर ते एखाद्या केंद्राने स्वतः बसवून घेतलेलं गाणं असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. मग ते कुठल्या रेकॉर्डवर शोधण्यात अर्थ नाही. कील शहरातल्या बँडचा शोधही याच वळणावर येऊन बदलला होता. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गायक, गीतकार, संगीतकार अशा वाटांनी जुनी मराठी गाणी चाळता येतात. तिथे मी अजून चाळते आहे. त्याबरोबर आता मिरज-सांगली भागात त्या काळी रेडिओवर गाणाऱ्या स्त्रियांची नावंही विचारत फिरते आहे.

माझं गाणं अजून मिळालेलं नाही. बाद झालेल्या गाण्यांची यादी अकरावर गेली आहे. प्रत्येकासमोर ते का नव्हे याचं कारण लिहिलेलं आहे आणि विनंतीच्या खाली ती यादी सर्वांना दिसेल अशी ठेवली आहे, म्हणजे कोणी तेच गाणं पुन्हा सुचवून आपला वेळ घालवू नये.

तुम्हीही असं एखादं गाणं शोधत असाल तर एवढं करा. तुमचं गाणं एखाद्या दिवशी खासगी निरोपातून किंवा एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून कळलं, तर ते मिळाल्याच्या आनंदात मूळ विनंती तशीच उघडी सोडून जाऊ नका. तिथे परत या, गाण्याचं नाव लिहा, आणि चुकीचं गाणं सुचवणाऱ्यांनाही कळवा. त्यांनी तुमच्यासाठी कान लावला होता. ते कुठलं गाणं होतं, हे कळण्याचा त्यांचाही हक्क आहे.